भिशीचा पहिला नंबर कोणाचा?

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत भिशीबद्दलच्या तक्रारी बऱ्याच असतात, आणि त्यांतल्या बहुतेक पैसे बुडाल्याच्या नसतात. तक्रार असते नंबराची. "माझ्या मुलीचा निकाह तोंडावर होता, पण चिठ्ठीत माझं नाव अकराव्या महिन्यात निघालं." "प्रमुख बाईंच्या बहिणीला दर वेळी पहिल्या तीन महिन्यांतच भिशी कशी लागते?" "मी गरजू आहे म्हणूनच मला शेवटी ठेवलं, कारण लवकर उचलून मी हप्ते बुडवीन असं त्यांना वाटतं." या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. बारा जणींनी पैसे किती घालायचे हे पहिल्याच दिवशी ठरतं, पण कोणाला कधी मिळायचे हे कसं ठरवायचं याचा कोणी नीट विचार केलेला नसतो. या वेळी तेवढ्याच प्रश्नावर बोलू.

कोणी भिशी म्हणतं, कोणी बीसी, कोणी कमिटी. हिशोब सगळीकडे सारखाच. समजा, मोहल्ल्यातल्या बारा जणींनी दरमहा २,००० रुपयांची भिशी सुरू केली. दर महिन्याला २४,००० रुपये जमतात आणि ते एकीला मिळतात. वर्षअखेर प्रत्येकीने २४,००० घातलेले असतात आणि प्रत्येकीला २४,००० मिळालेले असतात. कोणाला एक पैसा जास्त नाही, कोणाला एक पैसा कमी नाही. म्हणून आपण म्हणतो की भिशीत सगळे सारखे.

पण हा हिशोब महिन्या-महिन्याने मांडला की वेगळं चित्र दिसतं. पहिल्या नंबरवालीने २,००० घातले आणि त्याच दिवशी २४,००० उचलले. म्हणजे तिने बाकीच्या अकरा जणींकडून २२,००० रुपये उसने घेतले, ते ती अकरा महिन्यांत फेडणार. सहाव्या नंबरवालीने १२,००० घालून २४,००० घेतले, तिच्यावर १२,००० चं देणं राहिलं. आणि बाराव्या नंबरवालीने अकरा महिने दुसऱ्यांनाच पैसे दिले. तिचे २२,००० रुपये वर्षभर इतरांच्या कामाला आले आणि तिला ते शेवटी परत मिळाले. थोडक्यात, पुढचे नंबर म्हणजे घेतलेलं कर्ज आणि मागचे नंबर म्हणजे दिलेलं कर्ज. भिशीत पैसे सारखे वाटले जातात, वेळ सारखी वाटली जात नाही. आणि ज्या घरात दवाखान्याचं बिल उभं आहे, त्या घराला वेळेचीच किंमत असते.

हे कर्ज बिनव्याजी आहे, म्हणूनच भिशी आपल्याला चालते. कोकणातले आपले बरेच लोक शाफई आहेत. त्यांच्याच मसलकातले अकराव्या हिजरी शतकातले फकीह कल्यूबी यांनी बायकांमध्ये चालणाऱ्या अशाच वर्गणीचा उल्लेख केला आहे आणि इमाम वलीउद्दीन इराकी यांच्या हवाल्याने ती जायज म्हटली आहे. सौदी अरेबियातल्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळानेही १९८९ साली बहुमताने हाच निर्णय दिला. म्हणजे ही रीत आपल्या आजी-नानींच्या आधीपासूनची आहे. मात्र ती जायज राहते ती एका गोष्टीवर: लवकर मिळण्याची किंमत पैशात मोजली जाऊ नये.

म्हणून नंबर ठरवण्याची पहिली पद्धत, लिलावाची किंवा बोलीची भिशी, आपण इथेच बाजूला ठेवू. तिच्यात काय होतं ते मात्र पाहून घेऊ, कारण काही ठिकाणी गरजूंची सोय म्हणूनच ती पुढे केली जाते. महिन्याला २४,००० जमले. जिला तातडीची गरज आहे ती म्हणते, "मी ४,४०० सोडते." तिला १९,६०० मिळतात आणि सोडलेले ४,४०० बाकीच्या अकरा जणींत ४००-४०० वाटले जातात. वर्षभरात ती हप्ते मात्र पूर्ण २४,००० चेच भरणार. म्हणजे १९,६०० घेऊन २४,००० फेडायचे. वरचे ४,४०० कशाचे? लवकर मिळण्याचे. त्याला नाव काहीही द्या, तो सूदच. शिवाय पाहा, हा बोजा कोणावर पडला? जिचा नवरा दवाखान्यात आहे ती सर्वात मोठी बोली लावणार. जिला कसलीच घाई नाही ती शेवटपर्यंत थांबून दर महिन्याची वाटणी खिशात घालणार. गरज जितकी मोठी, तितका दंड मोठा.

दुसरी पद्धत चिठ्ठीची. ही आपल्याकडे सर्वात जास्त चालते आणि तिला दीनमध्ये आधारही आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) सफरला निघताना आपल्या पत्नींपैकी कोणाला बरोबर न्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवत, अशी हजरत आयेशा (रजि.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पण चिठ्ठी कुठे लागू पडते ते लक्षात घ्यायला हवं. जिथे सगळ्यांचा हक्क सारखा आहे आणि निवड करायला दुसरं कारण नाही, तिथे चिठ्ठी न्याय करते, कारण तिथे कोणाची मर्जी चालत नाही. पण एकीला ऑपरेशनसाठी पैसे हवेत आणि दुसरीला फ्रिज घ्यायचा आहे, तिथे दोघींची नावं एकाच डब्यात टाकली तर चिठ्ठी आंधळी ठरते. ती कोणावर अन्याय करत नाही हे खरं, पण गरज तिला दिसतही नाही.

तिसरी पद्धत प्रमुख बाईंच्या मर्जीची. त्यांना सगळ्यांच्या घरची हालहवाल माहीत असते, म्हणून त्या गरज ओळखू शकतात, हा तिचा फायदा. पण जिला आपली अडचण सांगायची लाज वाटते ती मागे राहते आणि जिचं येणं-जाणं जास्त ती पुढे जाते. प्रमुखांची नियत साफ असली तरी संशय सुटत नाही, कारण निर्णय कशावरून झाला हे कोणाला दिसत नाही.

मग करायचं काय? आमच्या मते या दोन पद्धती एकत्र आणाव्यात. तारीख ठरलेली गरज आधी विचारून घ्यावी, उरलेल्या नंबरांना चिठ्ठी टाकावी आणि मध्येच येणाऱ्या संकटासाठी नंबर सरकवण्याचा नियम पहिल्याच दिवशी वहीत लिहावा. वरच्याच बारा जणींच्या भिशीवर हे करून पाहू. भिशी जानेवारीत सुरू होते, म्हणजे महिन्याचा आकडा तोच नंबर.

पहिल्या बैठकीच्या आठ दिवस आधी प्रमुख बाई आणि सभासदांनी निवडलेली आणखी एक जण, अशा दोघींनी प्रत्येकीला वेगवेगळं विचारावं: "या वर्षात तारीख ठरलेला असा काही खर्च आहे का?" सगळ्यांसमोर विचारू नये. बारा जणींच्या देखत आपली तंगी सांगण्यापेक्षा गप्प राहणं बऱ्याच जणी पसंत करतात, आणि मग खरी गरज चिठ्ठीच्या डब्यात हरवते. दोघींनी ऐकलेलं दोघींपाशीच राहावं. बैठकीत फक्त "अमुक नंबर पक्का आहे" एवढंच सांगावं, कारण सांगू नये.

समजा, तीन गरजा समोर आल्या. एका खालांच्या मुलीचा निकाह मेच्या सुरुवातीला आहे. एका आपांच्या मुलाची कॉलेजची फी जूनमध्ये भरायची आहे. आणि एका भाभींना पावसाआधी घराची कौलं चाळून घ्यायची आहेत, दोन वासे बदलायचे आहेत. ते काम मेमध्येच व्हायला हवं. खालांना एप्रिल, भाभींना मे आणि आपांना जून, असे तीन नंबर पक्के झाले. कोणी विचारेल, दोघींना एकच महिना हवा असेल तर? तर त्या दोघींत चिठ्ठी टाकावी आणि जिची निघाली नाही तिला आधीचा महिना द्यावा, नंतरचा नव्हे. मेचं काम एप्रिलच्या पैशांत होतं, पण जूनच्या पैशांत होत नाही. पैसे महिनाभर आधी हातात आले की खर्च होतील अशी भीती असेल, तर ते प्रमुखांकडे अमानत म्हणून ठेवावेत आणि वहीत तसं लिहावं.

पक्के नंबर किती द्यावेत? बारांत तीन, फार तर चार. त्याहून जास्त दिले तर चिठ्ठीत उरलेल्यांना फक्त मागचेच महिने मिळतात आणि ज्यांनी काहीच मागितलं नाही त्यांच्यावर अन्याय होतो. म्हणून कोणती गरज धरायची हेही आधी ठरवावं. आजारपण, मैयत, राहतं घर, फी आणि ठरलेला निकाह या गरजा. नवीन मोबाइल, सोफा, फिरायला जाणं या इच्छा. इच्छा असणं वाईट नाही, पण तिला चिठ्ठी पुरेशी आहे. निकाहबाबतही एक गोष्ट स्पष्ट बोलून टाकू. निकाह ही गरज, पण त्याच्या मंडपाचा आणि ताटांचा आकडा वाढवणं ही इच्छा. एका वर्षात एक नंबर, एवढ्यावरच तो हक्क संपतो.

आता उरलेल्या नऊ जणी आणि नऊ महिने. त्यांची चिठ्ठी दर महिन्याला एक अशी न काढता पहिल्याच दिवशी सगळी काढावी. दर महिन्याच्या चिठ्ठीत गंमत असते हे खरं, पण आपला नंबर पुढच्या महिन्यात की डिसेंबरात हेच माहीत नसेल तर घरखर्चाचा काही बेत करता येत नाही. सगळा क्रम आधी कळला की जिला घाई नाही ती आपणहून दुसरीशी अदलाबदल करू शकते. अशी राजीखुशीची अदलाबदल सर्वात चांगली. तिच्यात कोणी कोणाला पैसे देऊ नयेत, आणि ती प्रमुखांना सांगून वहीत दोघींच्या सहीने लिहावी.

क्रम ठरला आणि सहा महिने सुरळीत गेले. जुलैत अकरा नंबरवालीच्या नवऱ्याला अपघात झाला. तिची भिशी नोव्हेंबरात, पैसे आज हवेत. इथे बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो: जुलैची भिशी जिची आहे त्या सात नंबरवालीला गळ घालायची की तू अकरावर जा. ती नाही म्हणाली तर दगडाच्या काळजाची ठरते. हो म्हणाली तर एकटीच चार महिने मागे जाते. एकीचं संकट दुसऱ्या एकीच्याच डोक्यावर का टाकायचं?

त्यापेक्षा नंबर सरकवावेत. अकरा नंबरवालीला जुलैची भिशी द्यावी. सात नंबरवाली ऑगस्टमध्ये जाईल, आठ सप्टेंबरमध्ये, नऊ ऑक्टोबरमध्ये आणि दहा नोव्हेंबरमध्ये. बारा नंबर जिथे होता तिथेच. चार जणी प्रत्येकी एकच महिना थांबल्या आणि एका घराला दवाखान्याचे पैसे वेळेवर मिळाले. एक महिना थांबायला सहसा कोणी नाही म्हणत नाही, चार महिन्यांना म्हणतात.

या नियमाची एक अडचण आधीच ओळखून ठेवली पाहिजे. पक्के नंबर सरकत नाहीत, कारण निकाहाची किंवा फीची तारीख भिशीसाठी थांबत नाही. म्हणून समजा, संकट मार्चमध्ये आलं आणि दहा नंबरवालीला पैसे हवे झाले. एप्रिल, मे आणि जून पक्के आहेत, तर तीन नंबरवालीला मार्चवरून थेट जुलैत जावं लागेल. म्हणजे पुन्हा एकीवरच चार महिन्यांचा भार. अशा वेळी आधी विचारावं की आज नेमके किती हवेत. बऱ्याच वेळा पूर्ण २४,००० ची गरज नसते. १२,००० ने काम भागत असेल तर मार्चची भिशी अर्धी-अर्धी करावी: १२,००० दहा नंबरवालीला, १२,००० तीन नंबरवालीला. ऑक्टोबरात दहा नंबरची भिशी निघेल तेव्हा ती पुन्हा अशीच दोघींत वाटावी. दोघींना वर्षात २४,००० च मिळाले, आणि मार्चमध्ये कोणीही रिकाम्या हाताने घरी गेली नाही.

संकट कधीपर्यंत सांगायचं हेही लिहून ठेवावं. हप्ते पाच तारखेपर्यंत जमा आणि भिशी सात तारखेला देणार असं ठरलं असेल, तर सहा तारखेच्या रात्रीपर्यंत सांगितलेलं धरावं. एकदा रक्कम हातात दिली की ती जिची तिची. निर्णय त्याच दोघींनी करावा. ज्यांचे नंबर सरकणार आहेत त्यांना फोनवर कळवावं, पण कागदपत्रं सगळ्यांपुढे मांडायला लावू नये. आणि हा हक्क फक्त जिने अजून भिशी उचललेली नाही तिलाच आहे. फेब्रुवारीत उचललेल्या बाईवर ऑगस्टमध्ये संकट आलं तर ते संकट काही लहान नाही, पण भिशीत तिचं आता घेणं नाही, देणं आहे. तिला इमदाद करायची तर ती वेगळी वर्गणी काढून करावी, भिशीच्या पैशातून नको.

आता सर्वात नाजूक गोष्ट. गरजूंना मागे ठेवण्याचं खरं कारण बहुतेक वेळा भीती असते. जिच्या घरी कमावणारा एकच आहे, तोही आजारी, तिला आधी दिलं तर पुढचे हप्ते येतील का? ही भीती खोटी नाही. एप्रिलमध्ये उचलणाऱ्या खालांनी तोवर ८,००० भरलेले असतात आणि १६,००० देणं राहतं. पण भीतीवर उपाय म्हणून गरजूला शेवटचा नंबर देणं म्हणजे सर्वात तंग हात असलेल्या बाईने वर्षभर इतरांना उसने द्यायचे. ही रीत फार ठिकाणी आहे आणि ती उलटी आहे.

तिच्याऐवजी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, हप्ता सुरुवातीलाच तपासावा. जिला २,००० जड जातात तिने १,००० भरावेत आणि दुसऱ्या एकीबरोबर एक नंबर मिळून घ्यावा. मिळेल १२,०००, पण ते फेडता येईल. वर्ष सुरू झाल्यावर हप्ता ओढण्यापेक्षा हे बरं. दुसरी, पहिल्या सहा महिन्यांत उचलणाऱ्या प्रत्येकीने दोन जामीन द्यावेत. गरजूनेच नव्हे, प्रत्येकीने, म्हणजे कोणाकडे बोट दाखवल्यासारखं होणार नाही. जामीन अशा दोघी असाव्यात ज्यांची भिशी अजून उचलायची आहे, कारण त्या मध्येच सोडून जाणार नाहीत.

खालांनी जूनपर्यंत हप्ते भरले आणि जुलैपासून भरणं थांबलं, असं धरू. सहा हप्ते म्हणजे १२,००० बाकी. दोघी जामीन दरमहा १,०००-१,००० भरतील आणि डिसेंबरपर्यंत प्रत्येकीचे ६,००० जातील. त्यामुळे बाकी कोणाचीही भिशी तुटणार नाही. खालांचं देणं आता त्या दोघींना राहिलं, तेही जितकं तितकंच, वर काही नाही. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, असा हुकूम सूरह बकराच्या २८० व्या आयतीत आहे, तो इथे लागू होतो. पण सवड जिला हवी तिने ती मागितली पाहिजे. हप्ता चुकायच्या आधी येऊन सांगणारी आणि चार महिने दार न उघडणारी, या दोघींत फरक आहे, आणि पुढच्या फेरीत तिला घ्यायचं की नाही हे त्यावरूनच ठरेल. जामीन होणाऱ्यांनीही सही करण्याआधी हा ६,००० चा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. "तसं काही होणार नाही, तू फक्त सही कर" असं कोणी म्हणालं तर सही करू नये.

शेवटी, जी मागे राहिली तिचं काय? डिसेंबरवालीने वर्षभर सबर केला, तिला पैशात काही देता येत नाही, देऊही नये. तिला नंबर देता येतो. दुसऱ्या वर्षी तीच भिशी चालू राहिली तर क्रम उलटा करावा. तेरातून या वर्षीचा नंबर वजा करा, तो पुढच्या वर्षीचा. बारावी पहिली होईल, पहिली बारावी. हिशोब चिठ्ठीतल्या नंबराचा न धरता भिशी प्रत्यक्ष मिळाली त्या महिन्याचा धरावा. म्हणजे जुलैत संकटामुळे पुढे आलेली पुढच्या वर्षी सहावी, आणि तिच्यासाठी दहावरून अकरावर गेलेली पुढच्या वर्षी दुसरी. तिने थांबलेला महिना वाया गेला नाही. पुढच्या वर्षीच्या तातडीच्या गरजा आधी विचारायच्याच, उलटा क्रम उरलेल्यांना लावायचा.

इथे एक बारकावा आहे. "तू या वर्षी मला आधी दे, मी पुढच्या वर्षी तुला आधी देईन" अशी बांधून घेतलेली अट काही उलेमांना नापसंत आहे, कारण कर्जाच्या बदल्यात कर्जाचा फायदा ठरवून घेतल्यासारखं होतं. म्हणून उलटा क्रम ही अट करू नये, रीत ठेवावी. एक फेरी पूर्ण झाली की जिला थांबायचं नसेल ती मोकळी. शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना भिशीचे नियम जसेच्या तसे वाचून दाखवून विचारावं, नुसतं "भिशी जायज आहे का" असं विचारू नये.

प्रमुख बाईंच्या पहिल्या नंबराबद्दलही बऱ्याच जणी विचारतात. हप्ते गोळा करणं, फोन करणं, हिशोब ठेवणं या मेहनतीपायी प्रमुखांनी पहिली भिशी घ्यायची अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. सगळ्यांना ती सुरुवातीलाच सांगितलेली आणि मान्य असेल तर भांडायचं कारण नाही. पण मग त्याही कर्जदारच झाल्या. त्यांनाही दोन जामीन हवेत, आणि पुढच्या वर्षी क्रम उलटताना त्यांचा नंबर बारावा. दर वर्षी पहिला नंबर आपल्याकडेच ठेवणाऱ्या प्रमुख दर वर्षी बिनव्याजी २२,००० वापरतात, हे बाकीच्यांना दिसलं पाहिजे.

हे दिसण्यासाठी वही लागते. देण्याघेण्याची मुदत ठरली की ते लिहून ठेवा, असं त्याच सूरहच्या २८२ व्या आयतीत सांगितलं आहे. भिशी म्हणजे मुदतीचं देणंघेणंच. दोनशे पानी वहीत प्रत्येक फेरीला एक पान पुरतं. डावीकडे बारा नावं, पुढे ठरलेला नंबर, पक्का असेल तर तशी खूण, जामिनांची नावं, आणि शेवटच्या रकान्यात भिशी प्रत्यक्ष मिळाली तो महिना आणि घेणारीची सही. खाली तीन ओळी: हप्त्याची तारीख, संकट कळवण्याची शेवटची तारीख, आणि निर्णय करणाऱ्या दोघींची नावं. तीन फेऱ्यांची तीन पानं शेजारी ठेवली की काही विचारावं लागत नाही. एकच नाव तिन्ही पानांवर पहिल्या चारांत असेल, किंवा एकच नाव तिन्ही वेळा दहाच्या पुढे असेल, तर कुठेतरी चुकतंय. अशा वेळी चौथ्या फेरीच्या चिठ्ठ्या कापायच्या आधी ती पानं बैठकीत उघडून ठेवावीत आणि मागे राहिलेलीला विचारावं, "या वर्षी तुम्हाला कोणता महिना हवा?"